फोटोवरून थरांचे कागदी व्यक्तिचित्र: आधी सावली मोजा, मग तुकडे मिसळा

प्रश्न: नमस्कार ताई. मी नेरुळला राहतो. आजीच्या फोटोवरून पाच छटांच्या कार्डशीटचे थर लावून ए४ आकाराचे व्यक्तिचित्र करायचे आहे. फोटोत डावीकडच्या खिडकीतून उजेड येतो, आजीला चष्मा आहे, केस पांढरे आहेत. कॉम्प्युटरवर ट्रेस केले तर चारशेच्या वर तुकडे आले. त्यातले कोणते एकमेकांत मिसळायचे आणि थरांमध्ये अंतर किती ठेवायचे? पहिल्या प्रयत्नात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसत होते.

उत्तर: खड्ड्यांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्या खड्ड्यांतच आहेत. ए४ कागदावर खांद्यांसह चेहरा बसवला, तर हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत साधारण १२० मिलिमीटर उंची हाती येते. चेहऱ्याची रुंदी डोळ्याच्या पाचपट असते हा चित्रकारांचा जुना ठोकताळा लावला, तर एक डोळा १७-१८ मिमी रुंद भरतो आणि वयस्कर माणसाच्या किंचित उतरलेल्या पापण्यांमधली फट जेमतेम ५-६ मिमी उरते. तुम्ही बहुधा थरांमध्ये अंतर ठेवायला सगळीकडे एकच जाड, म्हणजे ३ मिमीची फोम टेप वापरली असावी. वरून ४५ अंशांत उजेड येत असेल, तर ३ मिमी उंच कड आपल्या खाली ३ मिमी रुंद सावली टाकते, म्हणजे वरच्या पापणीने निम्मा डोळा झाकला. डोळ्याचा भाग पापणीच्या दोन थर खाली असेल, तर सावली ६ मिमीची होते आणि डोळा पूर्ण बुडतो. तुमची कापणी कितीही नाजूक असली, तरी ती त्या अंधारात दिसणार नाही.

म्हणून माझी कामाची पद्धत अशी आहे की तुकडे मिसळण्याचा निर्णय मी सावलीची रुंदी ठरवल्यानंतरच घेते. नवशिके कापणारे बहुतेक वेळा कटरच्या पात्याने किती बारीक कापता येते यावरून लहान तुकड्याची मर्यादा ठरवतात. धारदार पात्याने २०० ते २५० जीएसएमच्या कार्डमधून दीड मिलिमीटरची पट्टी सहज निघते, पण निघालेली पट्टी दिसेल की नाही, हे पाते ठरवत नाही.

सावलीचे गणित सोपे आहे. वरच्या कागदाचा पृष्ठभाग खालच्या कागदापासून जितका उंच, तितकी ४५ अंशांच्या उजेडात सावली रुंद. उंची मोजताना टेपची जाडी आणि वरच्या कार्डची जाडी दोन्ही धरायची, कारण सावली कार्डच्या वरच्या कडेवरून पडते. २५० जीएसएमचे कार्ड साधारण ०.३ मिमी असते, म्हणून १ मिमी टेपवर सावली १.३ मिमी आणि २ मिमी टेपवर २.३ मिमी पडेल. उजेड भिंतीला अधिक घासून, म्हणजे कागदाशी ३० अंशांच्या कोनात आला, तर हीच सावली सुमारे पावणेदोन पट होते. समोरून, ६० अंशांत आला, तर निम्म्याहून थोडी जास्त. घरातला उजेड नेमका मोजून मिळत नाही, म्हणून मी ४५ अंश गृहीत धरते आणि खालच्या थराची जी पट्टी वरच्या कडेच्या सावलीच्या बाजूला उघडी राहणार आहे, ती सावलीच्या किमान दुप्पट रुंद ठेवते. अर्धी पट्टी सावलीत गेली, तरी उरलेल्या अर्ध्या भागात तिचा स्वतःचा रंग वाचता येतो. २ मिमी टेपच्या पायरीवर ही किमान रुंदी साधारण ५ मिमी आणि १ मिमी टेपच्या पायरीवर ३ मिमी होते. कडेच्या उजेडाच्या बाजूला मात्र सावली पडत नाही. तिथे दीड-दोन मिमीची पट्टीही चालते. म्हणजे एकाच चेहऱ्यावर एकाच रुंदीचा तुकडा गालाच्या डाव्या बाजूला ठेवण्याजोगा आणि उजव्या बाजूला मिसळून टाकण्याजोगा असू शकतो. ट्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला हे कळण्याचा मार्गच नाही, कारण त्याच्या लेखी सगळे तुकडे सपाट असतात.

थरांची रचना मी अशी धरते की सर्वांत गडद कागद तळाशी पूर्ण पानभर असावा आणि प्रत्येक वरचा थर अधिक फिकट व आकाराने लहान होत जावा. दुसरा थर म्हणजे पहिल्या छटेहून फिकट असलेले सगळे. तिसरा म्हणजे दुसरीहून फिकट असलेले सगळे. सर्वांत वर फक्त कपाळ, गाल आणि नाकावरचा तेजाचा भाग. या रचनेत प्रत्येक तुकड्याखाली आधीचा थर आपोआप असतो, त्यामुळे आकाशकंदिलाच्या जाळीत ठेवावे लागतात तसे जोडपूल ठेवावे लागत नाहीत आणि सुटा तुकडा गळून पडत नाही. दुसरा लाभ तुमच्या फोटोत विशेष आहे. उजेड डावीकडून असल्यामुळे चेहऱ्याच्या छटा उजवीकडे उतरत जातात, आणि प्रत्येक फिकट थराची सावलीही उजवीकडे, त्याच्याहून गडद असलेल्या थरावरच पडते. कागद आणि सावली एकाच दिशेने बोलतात. उलट रचनेत, म्हणजे गडद कागद वर ठेवल्यास, त्याची सावली फिकट गालावर पडते, गडद आकार ठरवल्यापेक्षा जाड भासतो आणि मधली छटा मळकट होते.

याच कारणाने पाच कागद पुरेसे आहेत. कड आणि तिची सावली मिळून डोळ्याला प्रत्येक दोन छटांमध्ये आणखी एक छटा दिसते. सातव्या-आठव्या कागदाचा मोह झाला, तरी तो टाळा. पोर्ट्रेट रांगोळी काढणारे कलाकार चिमटीतल्या रंगाने एक छटा दुसरीत विरघळवू शकतात. कागदाला कड असतेच, आणि जितके कागद जास्त तितक्या कडा जास्त.

आता फोटोकडे. ट्रेस करण्यापूर्वी एक गोष्ट हाताने करावी लागते आणि ती बहुतेक जण करत नाहीत. फोटोत दोन प्रकारचे अंधार असतात. एक म्हणजे चेहऱ्याच्या गोलाईमुळे उजेडापासून वळलेल्या भागावरची छाया, जशी उजव्या गालावर असते. दुसरी म्हणजे एका वस्तूची दुसरीवर पडलेली पडछाया, जशी चष्म्याच्या काडीची गालावर, नाकाच्या शेंड्याची वरच्या ओठावर किंवा पदराची मानेवर पडते. यांतली छाया कापायची आहे. पडछायांपैकी लहान असतील त्या फोटोतून पुसून टाकायच्या आहेत, कारण त्या तुमचा कागद स्वतः पाडणार आहे. त्या कापून ठेवल्या, तर चष्म्याच्या काडीखाली एक कागदाची आणि एक खरी अशा दोन समांतर रेषा येतात आणि गालावर ओरखडा उमटल्यासारखा दिसतो. हनुवटीखालची पडछाया मात्र मानेवर २०-२५ मिमी पसरलेली असते. तेवढी मोठी सावली कागदाच्या उंचीतून मिळणार नाही, तेव्हा ती छटा म्हणून राहू द्या.

ट्रेसविषयी थोडक्यात सांगते. फोटो कृष्णधवल करून १०० डीपीआयवर ए४ आकारात आणा, म्हणजे १ मिमीला साधारण ४ पिक्सेल असे सोपे प्रमाण मिळते आणि पडद्यावर दिसणारा ठिपका कागदावर किती मोठा होईल, हे लगेच कळते. डोळे आणि ओठ वगळून बाकी चेहऱ्यावर ब्लर द्या. त्वचेची छिद्रे, डाग आणि बारीक सुरकुत्या तिथेच नाहीशा होतील. Inkscape वापरत असाल, तर Trace Bitmap मध्ये सगळ्या छटा एकदम काढण्याऐवजी Brightness cutoff चार वेळा वेगवेगळ्या मर्यादेवर चालवा. मर्यादा समान अंतरावर ठेवू नका. सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याच्या बहुतेक छटा मधल्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, आणि समान अंतराने कापल्यास एका कागदावर अर्धा चेहरा जातो व दुसऱ्यावर दोन ठिपके येतात. मर्यादा सरकवत राहा आणि गालाचे हाड, नाकाची बाजू किंवा कपाळाचे वळण जिथे नेमके उमटते, तिथे थांबा. मिळालेली रेषा अंतिम नसते. मी तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलने पुन्हा काढते, आणि तुकडे मिसळण्याचे सगळे काम त्या पेन्सिलीच्या टोकाशी होते.

ठाण्यातल्या चरईत राहणाऱ्या एका कुटुंबासाठी मी मागे त्यांच्या आजींचे चित्र केले होते. तेही ए४, डावीकडून उजेड, चष्मा आणि पांढरे केस असेच होते, म्हणून त्याच कामातून पुढे जाते. ट्रेसमधून सुमारे चारशे तुकडे आले होते. कापायला घेतले तेव्हा अडतीस उरले होते. थरांमधली अंतरे मी अशी ठेवली होती: पहिल्या-दुसऱ्यात आणि दुसऱ्या-तिसऱ्यात २ मिमी, तिसऱ्या-चौथ्यात आणि चौथ्या-पाचव्यात १ मिमी. खालचे आकार मोठे असतात म्हणून त्यांना उंची परवडते, आणि गडद कागदावर सावली मुळातच कमी उठते म्हणून तिथे ती लागतेही. फिकट कागदावर १ मिमीची सावलीसुद्धा स्पष्ट दिसते.

सर्वांत जास्त तुकडे उजव्या गालावर होते. फिकट बदामी छटेपासून गडद तपकिरीपर्यंत जाताना मधल्या दोन छटांच्या नागमोडी, तुटक पट्ट्या आल्या होत्या. काही २ मिमीच्या, काही त्याहून बारीक. अशा पट्ट्यांपुढे बसल्यावर मी त्यांचा आकार मोजण्याआधी एकच गोष्ट बघते: ही छटा गोलाईमुळे आली आहे की फक्त कडेवरच्या अस्पष्टपणामुळे? गालावर ती गोलाईमुळे येते, कारण तिथे त्वचा खरोखरच हळूहळू वळते. म्हणून तिथे तुटक पट्ट्या काढून टाकायच्या नाहीत, तर त्यांना एकत्र करून रुंद करायचे. मी चार तुकड्यांची एक सलग पट्टी केली, वर कानशिलाजवळ ६ मिमी, मध्ये ९ आणि खाली जबड्याशी निमुळती. सावलीची किमान रुंदी भागली आणि गाल वळला.

जबड्याच्या कडेवरही तशीच मधल्या छटेची दीड-दोन मिमीची किनार आली होती. ती मात्र खोटी होती. जबडा फिकट, मागची मान गडद, आणि दोघांच्या सीमेवर कॅमेऱ्याने व ब्लरने मिळून तयार केलेली सरासरी म्हणजे ती किनार. अशी किनार पूर्ण काढून टाकायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या थरांच्या कडा एकावर एक आणायच्या. तिसऱ्या आणि चौथ्या थराची कड जबड्यावर एकाच रेषेत आली की पायरीची उंची दोन्ही टेप आणि दोन्ही कार्ड मिळून साडेतीन मिमीच्या आसपास होते आणि तिथे सावली आपोआप रुंद पडते. जबड्याला हवी असलेली ठळक कड अशी मिळते. गालावर कडा एकमेकींपासून दूर, जबड्यावर एकत्र: मऊ आणि कठीण वळणातला हा फरक मी रंगातून आणत नाही, कडा किती जवळ आणायच्या यातून आणते. माझ्या मते या कलेतले सर्वांत उपयोगी कौशल्य हेच आहे आणि ते कापण्याच्या आधी, पेन्सिलीनेच संपते.

तुकडा मिसळायचा ठरला की तो कोणत्या शेजाऱ्यात जायचा, हा पुढचा प्रश्न. ज्याच्याशी सीमा जास्त लांब असेल त्यात मिसळण्याकडे हात जातो. मी छटेने जवळच्या शेजाऱ्यात मिसळते, मग सीमा लहान असली तरी चालेल. मधल्या छटेचा तुकडा सर्वांत गडद भागात टाकला, तर डोळ्याखालची जागा एकदम खोल जाते आणि माणूस आजारी दिसू लागतो. दोन्ही शेजारी छटेने सारखेच दूर असतील, तर मी फिकट बाजू निवडते. तिथे थोडा अंधार सावली नंतर देईलच. दिलेला अंधार काढून घेता येत नाही.

नाकाला दोन्ही बाजूंनी रेषा देऊ नका. उजेडाच्या बाजूची नाकाची भिंत डाव्या गालात मिसळून टाकावी, मध्ये कडच ठेवू नये. नाक उभे राहते ते उजव्या बाजूचा लांबट छायेचा आकार, नाकपुडी आणि शेंड्याखालची खरी सावली यांवर. ओठांमध्ये सर्वांत महत्त्वाची आहे ती दोन ओठांमधली रेषा आणि तिची दोन टोके. आजी हसत आहेत की नाही हे त्या टोकांवर ठरते, म्हणून ट्रेसने दिलेला तो कोपरा गुळगुळीत करू नका. वरचा ओठ वयानुसार पातळ आणि छायेत असतो, तो एका थराने खाली, एकच आकार. खालचा ओठ हनुवटीच्या छटेत मिसळला तरी चालतो, फक्त त्याच्या खाली ३ मिमीची चंद्रकोर उघडी ठेवा. दात दिसत असतील, तर ते एकच सलग आकार. दातांमधल्या फटी कापल्या की चेहरा भीतिदायक होतो.

सुरकुत्यांच्या बाबतीत सावलीचा नियम उलटा वागतो आणि तो आपल्या फायद्याचा आहे. खाली दडलेली बारीक फिकट पट्टी अंधारात नाहीशी होते, पण बारीक गडद फट अंधाराने अधिकच स्पष्ट होते. म्हणून कपाळावरची आठी १ मिमीची, दोन्ही टोकांना निमुळती चीर म्हणून वरच्या थरात कापता येते. खालचा कागद फक्त एका छटेने गडद असला, तरी चीर हवी तेवढी काळी दिसते. ट्रेसमध्ये कपाळावर नऊ आठ्या होत्या, मी तीन ठेवल्या. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी दोन्ही बाजूंना ठेवावी लागते, पण डावी फक्त चीर आणि उजवी गालाच्या छायेच्या पट्टीला जोडून टाकलेली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक रेषा मी एकूण दोन ठेवल्या. आधी सगळ्याच काढून टाकल्या होत्या, तेव्हा घरच्यांनी ‘आई तरुण दिसतेय’ म्हटले होते, आणि त्यात कौतुक नव्हते.

आता डोळे. छटेच्या क्रमाने गेलात, तर डोळ्यातला पांढरा भाग फिकट म्हणून वरच्या थरात जाईल आणि डोळे बाहेर आलेले दिसतील. प्रत्यक्षात डोळ्याचा गोळा पापण्यांच्या आत असतो. इथे छटेचा क्रम सोडून शरीराचा क्रम धरावा लागतो: डोळ्याच्या आकाराचे भोक वरच्या थरांत कापायचे आणि आत फक्त एका पायरीइतके, १ मिमी खाली, वेगळा तुकडा बसवायचा. त्यासाठी भोकाखाली मधल्या थरांच्या कागदाची भर चिकटवून तळ वर आणावा लागतो; नाहीतर तुकडा सरळ तळाच्या गडद कागदावर जाऊन बसतो आणि तुमचे खड्डे परत येतात. त्या तुकड्याचा रंग पांढरा घेऊ नका. पापणीखालचा पांढरा भाग नेहमी छायेत असतो, आणि माझ्या कामात चेहऱ्याची मधली, तिसरी छटाच तिथे बरोबर बसली. डोळ्याची फट साडेपाच मिमी, वरच्या पापणीची सावली १.३ मिमी, खाली चार मिमीहून जास्त उजेडात राहते. वरच्या पापणीची गडद कड वेगळी कापायची गरज उरत नाही, ती सावली पुरवते. खालच्या पापणीला रेषा देऊच नये. बुबुळ आणि बाहुली मिळून एकच गडद गोल, या आकारात साधारण ७ मिमीचा, वरून पापणीने थोडा कापलेला. हा गोल फोमशिवाय थेट चिकटवायचा. उजव्या, छायेतल्या डोळ्यात मी पांढऱ्या भागाचा बाहेरचा कोपरा पूर्ण मिसळून टाकला. दोन्ही डोळे सारख्या तपशिलाने कापले, तर उजेडाची दिशा हरवते.

चष्म्यासाठी वेगळा, सर्वांत वरचा थर करा, चेहऱ्याच्या थरांत तो विणू नका. दोन्ही वर्तुळे, मधला पूल आणि दिसणारी काडी एकाच तुकड्यात, २ मिमी रुंद. त्याहून बारीक ठेवल्यास हा तुकडा दमट हवेत वळतो. टेकू फक्त नाकाच्या पुलावर आणि दोन बाहेरच्या कोपऱ्यांवर, १ मिमी टेपचे. काचेवरची चकाकी फोटोत पांढऱ्या धब्ब्यासारखी असेल, तर ती पुसा. ती कापली की डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखी दिसते.

पांढऱ्या केसांनी मला त्या कामात सर्वांत जास्त वेळ घालायला लावला, कारण डाव्या बाजूला केस आणि कपाळ यांची छटा एकच होती आणि ट्रेसमध्ये त्यांची सीमाच नव्हती. मी आधी कपाळाचा तुकडा केसांच्या वर ठेवला, तर रेषा दिसलीच नाही. कपाळाची वरची कड उजेडाकडे तोंड करून होती, ती सावली टाकणार कोठे? तुकडे उलटे केले, केस वर आणि कपाळ खाली, आणि एकाच रंगाच्या दोन कागदांमध्ये केसांची रेषा फक्त सावलीने उमटली. केस शेवटी त्वचेच्या वरच असतात, हे तेव्हा सुचायला हवे होते. केसांच्या आत बटांचे तुकडे करू नका. विंचरण्याच्या दिशेने तीन-चार लांब चिरा पुरतात, आणि अंबाडा एक स्वतंत्र आकार, केसांच्या एक पायरी खाली. कुंकू फोमशिवाय चिकटवा. साडीचा काठ सरळ पट्टी ठेवा. त्यावरची नक्षी कापली, तर नजर तिथेच अडकते.

रंगीत कार्डशीटला पाते लावण्याआधी एक चाचणी घ्या. सगळे थर साध्या पांढऱ्या कार्डमधून ढोबळ कापा, ठरवलेल्या अंतरांवर तात्पुरते बसवा, खोलीत अंधार करून डावीकडून वर धरलेल्या टॉर्चच्या उजेडात दोन-तीन मीटरवरून बघा. रंग नसताना, निव्वळ सावल्यांवर आजी ओळखू आल्या, तर उंच्या बरोबर आहेत. ओळखू येत नसतील, तर कोणता भाग काळवंडला आणि कोणता सपाट झाला ते लगेच दिसते. काळवंडला तिथे टेप पातळ करा किंवा पट्टी मिसळा, सपाट झाला तिथे दोन कडा एकत्र आणा. मग टॉर्च उजवीकडे न्या आणि चेहरा कसा बिघडतो तेही बघून ठेवा. मी ते न बघता एक चित्र घोडबंदर रोडवरच्या एका घरी दिले होते. त्यांनी ते उजवीकडे मोठी खिडकी असलेल्या भिंतीवर टांगले आणि गाल आत गेलेले दिसू लागले. शेवटी हॉलच्या डाव्या भिंतीवर हलवावे लागले. चूक माझी होती, कोणत्या भिंतीवर लावणार हे मी कापण्याआधी विचारले नव्हते. भिंत आधीच ठरलेली असेल आणि तिचा उजेड उजवीकडून असेल, तर दुसरा फोटो शोधा. आहे तोच फोटो आरशात उलटवल्यास भांग आणि तीळ दुसऱ्या बाजूला जातात आणि घरचे लगेच ओळखतात.

जोडणीला पावसाळा आडवा येतो. नेरुळ काय किंवा ठाणे काय, दोन्हीकडे खाडी जवळ, आणि जुलैत कार्डशीट एका रात्रीत वळते; वळलेल्या कडेखाली सावली कुठे १ मिमी, कुठे ३ मिमी पडते आणि सगळे गणित वाया जाते. कापलेले थर जोडणीपर्यंत वजनाखाली सपाट ठेवा, पाण्यात मिसळणारा गोंद मोठ्या तुकड्यांना लावू नका. फोमचे टेकू दर २५-३० मिमीवर हवेत आणि कडेपासून ३-४ मिमी आत. बाहेर आले तर बाजूने दिसतात, फार आत गेले तर कड खाली झुकते. पाच थर, टेप आणि चष्मा मिळून जाडी साधारण ९ मिमी होते, तेव्हा किमान २० मिमी खोलीची बॉक्स फ्रेम घ्या आणि वरच्या बाजूला मोकळी जागा जास्त ठेवा, कारण फ्रेमची वरची पट्टीही खाली सावली टाकते आणि ती केसांपर्यंत पोहोचता कामा नये.

चारशे तुकड्यांमधला एक तुकडा मात्र कोणत्याही नियमात बसत नसताना ठेवायचा आहे: बुबुळावरचा तेजाचा ठिपका. जेमतेम १ मिमीचा असतो, ट्रेसमध्ये बहुधा हरवलेला असतो. सर्वांत फिकट कागदातून जाड सुईने किंवा बारीक पंचने तो काढा आणि फ्रेम बंद करण्याआधी, सगळ्यात शेवटी, दोन्ही डोळ्यांत वर डावीकडे एकाच जागी फोमशिवाय चिकटवा.